पाण्याच्या तक्रारपत्राच्या नोंदी : फेब्रुवारी-मार्च

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी पुन्हा पाणी आलं नाही. संध्याकाळी जिन्यात सगळे जमले. फोनवर तक्रारी करून काही होत नाही, आता पाणीपुरवठा विभागाला रीतसर लेखी पत्र द्यायचं असं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं.

रात्री बसून एका दमात तीन पानं लिहिली. सकाळी मुलांना शाळेत पाठवताना काय होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना बादल्या कशा उचलाव्या लागतात, सगळं त्यात आलं. मग लाल पेन घेऊन पत्र पुन्हा वाचलं, पण या वेळी ते ज्याच्या टेबलावर जाणार त्या अभियंत्याच्या नजरेनं. 'वारंवार' म्हणजे किती वेळा? 'गेले कित्येक महिने' म्हणजे कधीपासून? 'पाणीच येत नाही' म्हणजे थेंबही नाही, की कमी येतं? 'अपुरं' म्हणजे किती? तीन पानांत अशा सतरा जागा सापडल्या. त्या पत्राला 'आपल्या भागातील पुरवठा सुरळीत आहे' एवढं एका ओळीचं उत्तर आलं असतं, तर ते खोडून काढायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

पत्र बाजूला ठेवलं. आधी मोजायचं, मग लिहायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आधीच्या तक्रारी शोधल्या. घरोघरी विचारलं तेव्हा कळलं की गेल्या तीन महिन्यांत निदान पाच जणांनी फोन केले होते, पण टोकन क्रमांक फक्त दोघांनी जपून ठेवला होता. एक तक्रार १३ जानेवारीची, दुसरी २४ जानेवारीची. दोन्ही 'निराकरण झाले' म्हणून बंद झालेल्या.

त्या अशा का बंद होतात हे आज नीट लक्षात आलं. आपण सकाळी फोन करतो, तक्रार दुपारनंतर संबंधित माणसापर्यंत जाते आणि तो दुसऱ्या दिवशी पाहतो तेव्हा पाणी आलेलं असतं. त्याच्या बाजूनं तो खोटं काही लिहीत नाही. प्रत्येक फोन हा एका दिवसाचा प्रसंग असतो, आणि तो दिवस संपला की तक्रारही संपते. आपलं दुखणं एका दिवसाचं नाही, पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या बिघाडाचं आहे. पत्रात दिसायला हवा तो हा बिघाड.

५ फेब्रुवारी, बुधवार

नोंदवही सुरू केली. रकाने पाचच: तारीख, पाणी सुरू झाल्याची वेळ, पुरवठ्याआधीचं मीटरचं वाचन, पुरवठ्यानंतरचं वाचन, नोंद घेणाऱ्याची सही. पुरवठ्याची ठरलेली वेळ सकाळी ६ ते ८, म्हणून वाचन पावणेसहाला आणि सव्वाआठला. तळमजल्यावरचा अकरावीतला मुलगा आणि मी आलटून पालटून घेणार. वाचन घेताना मीटरचा फोटोही काढायचा.

मीटर वाचणं सोपं आहे, पण एकदा समजून घ्यावं लागतं. आमच्या मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे त्याखालचे भाग. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. सकाळच्या दोन वाचनांतली वजाबाकी म्हणजे त्या दिवशी इमारतीत आलेलं पाणी. आज ८.१ घनमीटर आलं, म्हणजे ८,१०० लिटर. आम्ही १६ घरांत ५८ माणसं. माणशी साधारण १४० लिटर झाले. चांगल्या दिवसाचं माप मिळालं.

१० फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारी १.२ घनमीटर आलं होतं, आज ०.९.

आज मी स्वतः मीटरपाशी उभी होते. सहा वाजून दहा मिनिटांनी पाइपातून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि मीटरमधली छोटी चकती गरगर फिरू लागली. खालच्या टाकीत टॉर्च मारला तर नळीच्या तोंडातून थेंबही पडत नव्हता. नुसती हवा जात होती. मिनिटभरानं नळीनं दोन उचक्या दिल्या, गढूळसर पाणी आलं आणि मग करंगळीएवढी धार लागली. ती शेवटपर्यंत तेवढीच राहिली.

रोज ठरावीक वेळच पाणी सुटतं अशा ठिकाणी मधल्या काळात पाइप रिकामे होतात. पाणी सुटलं की ते आधी आतली हवा पुढे ढकलतं, आणि ही हवासुद्धा मीटर फिरवते. म्हणजे आजच्या ०.९ मध्ये थोडी हवाही मोजली गेली आहे, खरं पाणी त्याहून कमीच. पत्रात मात्र मी मीटरचा आकडा आहे तसाच देणार. 'यातली काही हवा होती' असं म्हटलं की ती किती हा प्रश्न येईल, आणि ती मला मोजता येत नाही. आकडा आपल्याला थोडा गैरसोयीचा असला तरी चालेल, पण तो त्यांच्याच मीटरचा असला पाहिजे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल ४.३ घनमीटरच आलं. धड भरपूर नाही, धड तुटवडाही नाही. हा आकडा कशातच बसेना, म्हणून प्लंबरदादांना बोलावून आपली बाजू आधी तपासून घेतली.

टाकीच्या तोंडाशी बॉलकॉक असतो. पाणी वर आलं की चेंडू उचलला जातो आणि नळी बंद होते. आमच्या बॉलकॉकचा दांडा गंजून अडकत होता. टाकी अर्धीच भरलेली असताना त्यानं नळी बंद केली होती. म्हणजे कालचा तुटवडा आमचा स्वतःचा होता. मीटरच्या पुढची जाळीही उघडून पाहिली. तिच्यात चिमूटभर रेती निघाली, पण ती तुंबलेली नव्हती. बॉलकॉक बदलला, जाळी धुऊन बसवली.

रात्री शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे पत्रात कशाला लिहितेस? ते म्हणतील, दोष तुमचाच आहे."

मला उलट वाटतं. पाहणीला आलेला माणूस सगळ्यात आधी बॉलकॉकच बघणार. तिथं दोष सापडला की तो तेवढंच लिहून परत जाईल आणि खरं दुखणं तसंच राहील. म्हणून तपासणी केली, दोष सापडला, अमुक तारखेला दुरुस्त केला असं आपणच लिहायचं आणि ११ तारीख मोजणीतून वगळायची. दुरुस्तीनंतरही तुटवडा दिसला तर तो मीटरच्या अलीकडचा नाही हे सिद्ध होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा बॉलकॉक असूनही आज १.६.

दाब मोजायची साधी पद्धत प्लंबरदादांनी दाखवली. मीटरनंतर लगेच एक तपासणीचा नळ आहे. त्याला तीन मीटरची पारदर्शक नळी घट्ट बसवली आणि भिंतीवर मोजपट्टी लावून नळी तिच्या कडेनं सरळ उभी बांधली. टाकीकडे जाणारा कॉक बंद केला आणि तपासणीचा नळ उघडला. नळीत पाणी जिथवर चढून स्थिर होतं तेवढा दाब. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे एक मीटर चढलं तर बारचा दहावा भाग.

आज पाणी हळूहळू चढत ६५ सेंटिमीटरवर थांबलं. तिथंच दोनतीन सेंटिमीटर खालीवर डुलत राहिलं. पाइप टाकीच्या तोंडापर्यंत जाताना तपासणीच्या नळापेक्षा ४५ सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे टाकीत पाणी ढकलायला जेमतेम वीस सेंटिमीटरचा जोर उरतो. करंगळीएवढी धार का, याचं उत्तर त्या मोजपट्टीवर होतं. फोटोत मोजपट्टी, पाण्याची पातळी आणि घड्याळ तिन्ही येतील असं पाहिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीच नळी, तीच जागा. नळ उघडताच पाणी नळीच्या वरच्या टोकातून उसळून बाहेर आलं. तीन मीटरच्या पुढे दाब किती होता ते या नळीनं कळत नाही, पण आपल्याला तुलनेपुरतं एवढं पुरे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

१.१. वहीत आता ७, १०, १४ आणि १७ तारखा लाल झाल्या आहेत. शुक्रवार, सोमवार, शुक्रवार, सोमवार. कॅलेंडर काढून जुनी टोकनं तपासली. १३ जानेवारी सोमवार होता आणि २४ जानेवारी शुक्रवार. इतके दिवस आम्ही 'कधीही जातं' म्हणत होतो, ते कधीही जात नव्हतंच.

संध्याकाळी चौकात चर्चा ऐकली. त्या दोन दिवशी दुसरा व्हॉल्व्हमन असतो, तो आपल्या बाजूचा व्हॉल्व्ह अर्धाच फिरवतो, असं दोघातिघांनी खात्रीनं सांगितलं. एकानं त्याचं नावही सांगितलं. मलाही ते पटलं. वार जुळत होते.

रात्री ते वाक्य मसुद्यात लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मीटरचे आकडे मी पाहिलेले आहेत. अर्धा फिरवलेला व्हॉल्व्ह मी पाहिलेला नाही. वाक्य खोडलं. कारण शोधणं त्यांचं काम आहे, आणि एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव आलं की पत्र पाण्याचं राहत नाही, त्या माणसाच्या चौकशीचं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज शून्य. पण मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहील असं काल जाहीर झालं होतं. हा दिवस तक्ता बनवताना वेगळा दाखवायचा, तुटवड्यात धरायचा नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

२१ तारखेला १.४ आणि काल सोमवारी ०.७, आतापर्यंतचं सगळ्यात कमी. मसुद्याला बसले.

पहिला प्रश्न, पत्र कोणाला? सगळ्यात वरच्या साहेबांना लिहावं असं अनेकांचं मत होतं. वरून पत्र खाली यायला दिवस लागतात आणि प्रत्येक टेबलावर ते 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे सरकतं. पाणी सोडण्याच्या वेळा आणि व्हॉल्व्ह यांवर ज्याचा थेट अधिकार चालतो त्याला पत्र, आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला 'प्रत माहितीस्तव'. नाव घालायचं नाही, पदनाम घालायचं. माणसाची बदली होते, पद जागेवर राहतं.

दुसरी गोष्ट विषयाची ओळ. आवक विभागात पत्राचं सगळं कोणी वाचत नाही, विषय वाचून ते टेबलावर पाठवतात. माझे तीन प्रयत्न असे होते. 'पाणीटंचाईबाबत' यात काहीच कळत नाही. 'पाणीपुरवठा वारंवार खंडित होत असल्याबाबत' थोडं बरं, पण अशी पत्रं रोज येत असतील. 'दर सोमवारी व शुक्रवारी अत्यंत कमी दाबाने पाणी येत असल्याबाबत' हे वाचल्यावर कोणीही विचारेल, त्या दोन दिवशी काय असतं? तोच प्रश्न त्यांनी विचारायला हवा.

मागण्या आधी नऊ होत्या. भरपाई, दोषींवर कारवाई, नवी पाइपलाइन, सगळंच. एकेका मागणीपुढे लिहिलं, 'हे करायचा अधिकार या साहेबांकडे आहे का?' तीन उरल्या.

२०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला, ते वाक्यही पहिल्या मसुद्यात होतं. त्याचं मोल मला आहे, पण व्हॉल्व्ह बघायला जाणाऱ्या अभियंत्याला त्यातून पुढचं पाऊल मिळत नाही. काढलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मसुदा सगळ्यांना वाचून दाखवला. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आयुष्यभर एका कार्यालयात आवक-जावक सांभाळत होते. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथं मी बिलाचंही लिहिलं होतं, की हवेनं मीटर फिरतो आणि बिल जास्त येतं.

"हे काढ बाळा. बिलाचं टेबल वेगळं असतं. एका पत्रात दोन विषय आले की ते पत्र दोन्ही टेबलांच्या मध्ये फिरत राहतं. एक म्हणतो बिलाचं आहे, दुसरा म्हणतो पुरवठ्याचं आहे. बिलासाठी वेगळा अर्ज दे."

सेक्रेटरीकाकांना भाषा मवाळ वाटली. "जरा खडसावायला नको का?" त्यांनी विचारलं. आजोबा म्हणाले, "खडसावलेल्या पत्रावर लोक रागाचं उत्तर देतात. आकड्यांच्या पत्रावर आकड्यांचं उत्तर द्यावं लागतं." काकांना ते लगेच पटलं नाही. शेवटी 'मुदतीत कार्यवाही न झाल्यास वरिष्ठ कार्यालयाकडे दाद मागावी लागेल' हे एक वाक्य ठेवायचं ठरलं. तेही आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे अगदी शेवटी आणि एकदाच.

मुदतीवरही बोलणं झालं. 'ताबडतोब'ला तारीख नसते. कार्यालयानं तक्रारीसाठी स्वतःच मुदत जाहीर केली असेल तर तीच लिहावी, म्हणजे ती नाकारता येत नाही. आम्हाला तशी लेखी सापडली नाही, म्हणून १५ दिवस लिहिले. त्यात चार सोमवार-शुक्रवार येतात, पाहणीला तेवढे पुरतात.

१ मार्च, शनिवार

काल शुक्रवारी १.० आलं, तेही तक्त्यात घेतलं. एकूण २४ दिवस: सात तुटवड्याचे, एक जाहीर बंदचा, एक आमच्या बॉलकॉकचा, पंधरा नेहमीचे. आज सह्या झाल्या. सह्यांच्या कागदावर नाव आणि घर क्रमांक एवढंच ठेवलं. संपर्कासाठी सेक्रेटरीकाकांचा एकच फोन, सगळ्यांचे नंबर कार्यालयात फिरायला नकोत. कागदाच्या माथ्यावर पत्राचा विषय पुन्हा छापला, म्हणजे सह्या वेगळ्या पडल्या तरी त्या कशासाठी आहेत ते कळेल.

अंतिम पत्र असं झालं:

> प्रति,
> मा. कार्यकारी अभियंता,
> पाणीपुरवठा विभाग
>
> विषय : दर सोमवारी व शुक्रवारी अत्यंत कमी दाबाने पाणी येत असल्याबाबत (नळजोडणी क्रमांक …)
>
> संदर्भ : दूरध्वनीवरील तक्रारी दि. १३ जानेवारी व दि. २४ जानेवारी (टोकन क्रमांक … व …)
>
> महोदय,
>
> आमच्या इमारतीत १६ घरे असून ५८ व्यक्ती राहतात. पुरवठ्याची वेळ रोज सकाळी ६ ते ८ आहे. दि. ५ ते २८ फेब्रुवारी या २४ दिवसांत आम्ही रोज पुरवठ्याआधी व नंतर मीटरचे वाचन घेतले. या काळातील प्रत्येक सोमवारी व शुक्रवारी, म्हणजे एकूण सात दिवशी, सरासरी सुमारे १,१३० लिटर पाणी आले. इतर पंधरा दिवसांची सरासरी सुमारे ८,००० लिटर आहे. दि. १९ रोजीचा पूर्वसूचित बंद या मोजणीत धरलेला नाही.
>
> दि. १२ फेब्रुवारी रोजी आम्ही अंतर्गत जोडणी तपासून घेतली. बॉलकॉकमध्ये दोष आढळला, तो त्याच दिवशी बदलला. त्यामुळे बाधित झालेला दि. ११ चा दिवसही वगळला आहे. दुरुस्तीनंतरही पाच वेळा तुटवडा झाला. दि. १४ रोजी मीटरलगतच्या नळावर पाण्याची चढण ६५ सेंटिमीटर होती, दि. १५ रोजी त्याच ठिकाणी ती ३ मीटरपेक्षा जास्त होती. यावरून अडचण मीटरच्या अलीकडे, आमच्या बाजूस नसावी असे दिसते.
>
> तरी विनंती की,
> १) येत्या सोमवारी किंवा शुक्रवारी सकाळी ६ ते ८ या वेळेत आमच्या समक्ष जोडणीवरील दाबाची पाहणी करावी.
> २) पाहणीत आढळलेले कारण व दुरुस्तीची तारीख लेखी कळवावी.
> ३) दुरुस्ती होईपर्यंत या दोन दिवशी पर्यायी पाणीपुरवठा करावा.
>
> १५ दिवसांत कार्यवाही न झाल्यास वरिष्ठ कार्यालयाकडे दाद मागावी लागेल.
>
> आपले नम्र,
> (इमारतीतील रहिवासी)
>
> सोबत : १) मीटर नोंदींचा तक्ता, १ पान २) छायाचित्रे, २ पाने ३) सह्यांची यादी, १ पान
> प्रत माहितीस्तव : मा. अधीक्षक अभियंता

३ मार्च, सोमवार

सकाळी पुन्हा तुटवडा, दुपारी पत्र दिलं. खिडकीवरच्या ताईंनी आधी बाहेरच्या पेटीत टाकायला सांगितलं. मी पत्राची दुसरी प्रत पुढे केली आणि पोच हवी असं म्हटलं. त्यांनी कुरकुर न करता शिक्का मारला, पण शाई पुसट होती, तारीख दिसत होती आणि आवक क्रमांक नव्हता. क्रमांक हातानं लिहून द्यायची विनंती केली. त्यांनी रजिस्टर पाहून लिहिला, खाली सहीसुद्धा केली. सोबतच्या चारही पानांवर मी आधीच पान क्रमांक घातले होते. घरी येऊन पोचेचा फोटो काढला आणि मूळ कागद फाइलला लावला.

१० मार्च, सोमवार

०.८. आवक क्रमांक सांगून फोन केला. या वेळी 'कोणती तक्रार?' असं कोणी विचारलं नाही. पत्र कनिष्ठ अभियंत्यांकडे गेल्याचं दोन मिनिटांत कळलं. त्यांच्याशी बोलले तेव्हा त्यांनी पहिलंच विचारलं, "तुमची लेव्हल रस्त्यापेक्षा वर आहे का?" म्हणजे पत्र वाचलेलं होतं. शुक्रवारी येतो म्हणाले.

१४ मार्च, शुक्रवार

कनिष्ठ अभियंता सहा चाळीसला आले, बरोबर दोन माणसं. त्यांनी आणलेला दाबमापक नळाला लावला. शून्य ते दहा बारचा तो डायल, काटा जागचा हललाच नाही. एकजण म्हणाला, दाबमापक बिघडला असेल. मग आमची पारदर्शक नळी लावली. पाणी साठ सेंटिमीटरवर येऊन डुलू लागलं. एवढा कमी दाब त्या डायलवर दिसूच शकत नव्हता. साहेब गुडघ्यावर बसून बराच वेळ त्या पातळीकडे पाहत होते. नंतर त्यांनी स्वतःच्या फोनमध्ये फोटो घेतला.

तिथून ते खालच्या चौकातल्या व्हॉल्व्हच्या चेंबरवर गेले, मीही गेले. झाकण काढलं. आपल्या बाजूचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. मग शेजारचा, खालच्या वस्तीकडे जाणारी वाहिनी तोडणारा व्हॉल्व्ह किल्लीनं फिरवून पाहिला. तो बंद होता, पण पूर्ण बसत नव्हता. त्याला कान लावल्यावर आतून पाणी घुसत असल्याची सळसळ स्पष्ट ऐकू येत होती. खालच्या वस्तीला वेगळ्या वाहिनीनं पाणी मिळतं आणि सोमवारी-शुक्रवारी त्यांची टाकी रिकामी ठेवून वाहिनी धुतात. त्या दोन दिवशी तिकडे उलटा दाब नसतो, म्हणून आपलं पाणी त्या फटीतून उताराला निघून जातं. इतर दिवशी तिकडची वाहिनी भरलेली असते, त्यामुळे गळती जाणवत नाही.

चेंबरमध्ये उतरलेला माणूस तोच व्हॉल्व्हमन होता, ज्याचं नाव मला चौकात सांगितलं होतं. दर सोमवार-शुक्रवारी तो आपला व्हॉल्व्ह पूर्ण उघडत होता. मी ते वाक्य खोडलं नसतं तर आज मला त्याच्याकडे मान वर करून बघता आलं नसतं.

१७ मार्च, सोमवार

शनिवारी त्यांनी व्हॉल्व्ह अनेकदा उघडबंद करून बैठकीतली रेती वाहू दिली आणि घट्ट बंद केला. आज ६.९ घनमीटर. नेहमीपेक्षा कमी, पण कितीतरी महिन्यांनी सोमवारी वरच्या मजल्यापर्यंत पाणी पोचलं.

दुपारी लेखी उत्तर आलं: 'सदर ठिकाणी पाहणी करून आवश्यक दुरुस्ती करण्यात आली असून पुरवठा सुरळीत आहे.' कारण नाही, तारीख नाही. दुसरी विनंती तशीच राहिली.

२१ मार्च, शुक्रवार

७.२. आज दुसरं पत्र दिलं, सहा ओळींचं. विषय तोच, संदर्भात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि त्यांच्या उत्तराचा जावक क्रमांक. पाहणीला वेळेवर आल्याबद्दल कनिष्ठ अभियंता व कर्मचाऱ्यांचे आभार मानले. मग १७ व २१ मार्चचे आकडे, आणि एकच विचारणा: चेंबरमधला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसल्याचे १४ मार्च रोजी समक्ष आढळले होते, साफसफाईनंतरही पुरवठा ८,००० लिटरवर आलेला नाही, तरी तो व्हॉल्व्ह बदलण्याची तारीख कळवावी.

पोच घेतली. या वेळी शिक्का स्वच्छ उमटला, क्रमांकासकट. नोंदवहीत पुढच्या महिन्याचे रकाने आखून ठेवले आहेत. उद्याचं पावणेसहाचं वाचन त्या मुलाकडे आहे.